ऑगस्ट ते ऑक्टोबर, नाइट नाही

पहिला अर्ज मी दोन ओळींचा लिहिला होता. "प्रकृती बरी नसल्यामुळे मला तीन महिने नाइट ड्युटी देऊ नये, ही विनंती." इन्चार्ज सिस्टरनी तो वाचला, घडी घातली आणि टेबलावरच्या काचेखाली सरकवला. तिथे तसे आणखी चार कागद आधीपासून होते.

आमचं हॉस्पिटल बेळगावातलं, खाजगी. माझा वॉर्ड मेडिकलचा, 24 खाटांचा. इन्चार्ज सोडून आम्ही आठ स्टाफ नर्स. मी मूळची खानापूर तालुक्यातली, लग्नानंतर वडगावात राहते. इन्चार्ज गोकाककडच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या. आमच्याशी मराठीच बोलतात, पण घाई झाली की कन्नडवर जातात. डॉक्टरांसमोर आम्ही त्यांना सिस्टर म्हणतो, एरवी अक्का.

त्या अर्जामागे काय होतं ते मी लिहिलं नव्हतं, कारण मला ते लिहायची भीती वाटत होती. जुलैमध्ये माझी सात नाइटची पाळी संपली त्या सकाळची गोष्ट. आठ वाजता पुढच्या पाळीला ओव्हर देत उभी होते. हातात औषधांचा ट्रे होता. उजवा हात आपोआप एकदम वर उडाला, कोणी धक्का मारल्यासारखा, आणि ट्रे खाली पडला. सगळ्यांना वाटलं, झोप आली असेल. मलाही तेच वाटलं. असं आधीही होत असे. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षापासून, नाइट पोस्टिंगनंतरच्या सकाळी, चहाचा पेला हातातून सुटायचा, कंगवा उडायचा. मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या हाताला मूठच नाही. पाच वर्षं मी त्याला झोपेचा दोष समजत आले.

त्या दिवशी घरी आल्यावर मी मोरीत हातपाय धुवायला गेले आणि पुढचं मला आठवत नाही. ते सासूबाईंनी पाहिलं. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. त्यांनी नंतर डॉक्टरांना सांगितलं, "आधी दोन-तीनदा हात उडाले, मग पोरगी ताठ झाली, डोळे वर केली आणि सगळं अंग हलू लागलं की ओ." शेजारच्या काकूंनी माझ्या मुठीत किल्ल्या कोंबल्या, कोणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. शुद्धीवर आले तेव्हा जीभ कडेला चावली गेली होती आणि समोर बसलेल्या आत्यांना मी ओळखत नव्हते. रुग्णाच्या केस शीटमध्ये मी हेच कितीदा लिहिलं असेल. स्वतःच्या बाबतीत मात्र ते दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावं लागलं.

मेंदूच्या डॉक्टरांनी फिटबद्दल विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारला. सकाळी उठल्यावर हातातून वस्तू पडतात का? मी गप्प बसले, आणि मग पेल्याचं, कंगव्याचं, ट्रेचं सगळं सांगितलं. एमआरआय साफ आला. ईईजीमध्ये त्यांना जे शोधायचं होतं ते दिसलं. या प्रकारच्या अपस्माराला ज्युवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात. तो बहुधा बारा ते अठरा वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. उठल्यानंतरच्या पहिल्या तास-दीड तासात हात उडतात आणि मोठी फिट कधीकधी काही वर्षांनंतर येते. तोपर्यंत पुष्कळांना आपल्याला आजार आहे हेच माहीत नसतं. अपुरी झोप हे त्याला चेतवणाऱ्या गोष्टींपैकी सगळ्यात मोठं कारण. माझी सात रात्रींची पाळी म्हणजे त्याला सलग सात दिवस दिलेलं आमंत्रण होतं.

औषध लेव्हेटिरासिटाम सुरू झालं, आधी 250 मिलिग्रॅम दोनदा, दोन आठवड्यांनी 500 दोनदा. या आजारावर व्हॅल्प्रोएट चांगलं लागू पडतं, पण पुढे मूल होणार असेल तर गर्भाला त्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरांनी ते टाळलं. स्कूटी बंद. आणि नाइट बंद. "किती दिवस?" विचारल्यावर ते म्हणाले, "आधी तीन महिने तरी. तेवढ्यात डोस बसतो का, चिडचिड वाढते का, हात उडणं थांबतं का, ते कळेल. तीन महिन्यांनी बघू." तीन महिन्यांत मी बरी होणार असं ते म्हणाले नव्हते. घरी येताना मी मात्र तसंच ऐकलं होतं.

एका जुन्या सहकारिणीने सुचवलं, ईएसआय आहे ना तुला, आजारपणाची रजा घे. वर्षात 91 दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगार मिळतो, तीन महिने बरोबर निघतील. ते खरंच होतं. पण त्यासाठी मी कामाला असमर्थ आहे असं प्रमाणपत्र लागतं आणि मी असमर्थ नव्हते. दिवसा मी पूर्ण काम करू शकत होते. शिवाय माझ्या मनात दुसरंच होतं: एकदा मी तीन महिने घरी बसले की "ती फिटवाली" एवढीच ओळख राहील. मला वॉर्डात राहूनच हे निभवायचं होतं. म्हणून मी तो दोन ओळींचा अर्ज लिहिला आणि कारण झाकून ठेवलं.

दोन दिवस काही उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी अक्कांनी मला ट्रीटमेंट रूममध्ये बोलावलं. दार लोटलं.

"एनातव्वा? काय झालंय तुला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरं वाटत नाही. त्यांनी काचेखालचे कागद काढून आणले होते. एकीला मूल लहान, एकीच्या सासऱ्यांना लकवा, एकीचा नवरा नाइट करू देत नाही, एकीचं नुसतंच "कौटुंबिक अडचण". "हे सगळे खरे असतील. तुझंही खरं असेल. पण मी ड्युटीचा चार्ट कशाने भरू? तुझी नाइट कोणाच्या माथ्यावर टाकू, ते तू लिहिलंस का? कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, ते लिहिलंस का? आणि उद्या मेट्रन मॅडमनी विचारलं की हिलाच का, तर मी काय दाखवू?"

मला रडू आलं, आणि त्याच रडण्यात मी सांगून टाकलं. ट्रेचं, मोरीचं, ईईजीचं. त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं होतं त्या दया दाखवतील किंवा घाबरतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच होता: "इंजेक्शन देताना हात उडाला तर?"

तो प्रश्न मला आजही योग्यच वाटतो. त्या वॉर्डाच्या इन्चार्ज होत्या आणि 24 खाटांवरची माणसं त्यांची जबाबदारी होती. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं. हात उडतात ते उठल्यावरच्या पहिल्या तास-दीड तासात, आणि झोप अपुरी झाली की जास्त. रात्री दहाला झोपून सकाळी सहाला उठले तर आठ वाजेपर्यंत तो वेळ टळलेला असतो. औषध पूर्ण डोसवर येईपर्यंत मात्र खात्री नाही. त्या थोडा वेळ विचार करत बसल्या आणि म्हणाल्या, "मग पहिला महिना तू सकाळी येऊच नको. दुपारीच ये."

दुपारची पाळी, दोन ते आठ, आमच्याकडे कोणालाच नको असते. दुपारी निघायचं म्हणजे सकाळचं घरातलं काम अर्धं राहतं, परतायचं म्हणजे स्वयंपाक झालेला नसतो. माझ्या आजारात तीच पाळी सगळ्यात सुरक्षित होती. अर्जाचा पहिला सुटा धागा तिथे सापडला. माझ्या गैरसोयीचं कारण सांगून मी चार्टमधून काहीतरी काढून घेत होते. अक्कांनी त्याच कारणातून चार्टला देण्यासारखं काहीतरी शोधलं.

"आता बस आणि हिशेब कर," त्या म्हणाल्या. "मला हिशेब आण, मी मॅडमकडे घेऊन जातो." आमच्याकडे बायकाही "जातो, येतो" असंच बोलतात.

त्या रात्री मी जुने चार्ट समोर घेऊन हिशेब केला. आमच्याकडे सकाळ आठ ते दोन, दुपार दोन ते आठ, आणि नाइट रात्री आठ ते सकाळी आठ, बारा तासांची. रोज नाइटला दोघी. सात रात्री सलग, मग दोन दिवस ऑफ. तीन महिने म्हणजे चार्टच्या हिशेबाने बारा आठवडे. दर आठवड्याला दोघी, म्हणजे एकूण 24 नाइटचे आठवडे, आणि आठ जणींत ते वाटले की प्रत्येकीला तीन. मी बाजूला झाले तर माझे तीन आठवडे उरतात आणि ते सात जणींत वाटावे लागतात. म्हणजे तिघींना एकेक आठवडा जास्त. बाकी चौघींना काहीच फरक नाही.

हे कागदावर मांडेपर्यंत मला वाटत होतं की मी सगळ्या वॉर्डावर मोठं ओझं टाकते आहे. खरं तर ते तीन आठवड्यांचं होतं, पण ते तीन आठवडे हलके नव्हते. नाइटचा एक आठवडा म्हणजे 84 तास, दिवसाचा आठवडा म्हणजे सहा दिवसांचे 36. नाइटनंतरचा जादा ऑफ वजा केला तरी माझ्या वाटची नाइट करणाऱ्या प्रत्येकीला 42 तास जास्त पडत होते. सहा-सहा तासांच्या सात पाळ्या. तिघींच्या मिळून 21. तेवढ्या मी बारा आठवड्यांत फेडू शकत नव्हते, कारण स्वतःची झोप तोडून फेडायचं म्हणजे नाइट सोडण्याला अर्थच उरत नाही.

मी डॉक्टरांना फोन करून विचारलं, सकाळी आठ ते रात्री आठ अशी लांब पाळी केली तर चालेल का. ते म्हणाले, पहिला महिना नको. नंतर आठवड्यातून एकदाच, दोन दिवस लागोपाठ नाही, आणि त्या रात्री आठ तास झोप झालीच पाहिजे. म्हणून मी दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात मिळून आठ आणि त्यानंतर एक अशा नऊ पाळ्या देऊ शकत होते, तिघींना तीन-तीन. बाकीचं ऋण पैशाने थोडं भरून निघत होतं. आमच्याकडे एका नाइटला 150 रुपये भत्ता आहे, तो माझ्याऐवजी त्यांना मिळणार होता. मला एकूण 3150 रुपये सोडावे लागणार होते. ते सोडणं जड नव्हतं.

प्रमाणपत्र हा दुसरा भाग. पहिल्या प्रमाणपत्रावर डॉक्टरांनी आजाराचं नाव आणि "विश्रांतीचा सल्ला" एवढंच लिहिलं होतं. अक्का म्हणाल्या, याचा उपयोग नाही. विश्रांतीचा सल्ला म्हणजे मॅडम तुला घरी पाठवतील. मी डॉक्टरांकडे परत गेले आणि त्यांनी नव्याने लिहून दिलं: ही व्यक्ती दिवसाच्या पाळीत नर्सिंगचं नेहमीचं काम करण्यास सक्षम आहे, वैद्यकीय कारणासाठी तीन महिने रात्रपाळी देऊ नये, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. आजाराचं नाव त्यांनी वेगळ्या कागदावर देऊन तो बंद पाकिटात घातला, मेट्रन मॅडमसाठी. अर्ज चार टेबलांवरून फिरतो. सगळ्यांनी वाचावं असं त्यात काही नको, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसरा अर्ज इंग्रजीत दिला, कारण कचेरीत तोच चालतो. आधी मी तो मराठीत लिहून काढला होता. तो असा:

"मी मेडिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. सोबत जोडलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रानुसार मला ऑगस्टच्या पहिल्या सोमवारपासून बारा आठवडे रात्रपाळी देऊ नये, अशी विनंती आहे. या काळात मी दिवसाच्या सर्व कामांसाठी उपलब्ध आहे. पहिले चार आठवडे मी फक्त दुपारची पाळी करीन. माझ्या वाट्याचे रात्रपाळीचे तीन आठवडे करण्यास ज्या तीन सहकारी तयार आहेत त्यांच्या सह्या खाली आहेत. त्याबदल्यात मी त्यांच्या प्रत्येकी तीन पाळ्या करीन, तसेच गणेश चतुर्थीच्या दिवशी कामावर राहीन. दर महिन्याच्या शेवटी इन्चार्ज सिस्टर माझ्या कामाचा आढावा घेतील. बारा आठवडे संपण्याच्या एक आठवडा आधी मी डॉक्टरांचं नवीन पत्र सादर करीन."

गणपतीचं वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता. बेळगावात वाढलेल्या मुलीला चतुर्थीचा दिवस सोडणं काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. पण आमच्यातल्या पाच जणींच्या घरी गणपती बसतो, आणि त्या दिवशीच्या चार्टवरून दरवर्षी वॉर्डात अबोला होतो. देण्यासारखं माझ्याकडे त्याहून मोठं काही नव्हतं.

तीन सह्या मिळवणं हा सगळ्यात कठीण भाग होता. कारण न सांगता सह्या मागता येईनात. केरळची सिस्टर लगेच तयार झाली. तिला नाइटनंतरचे ऑफ जोडून गावी जायचं होतं आणि भत्ताही हवा होता. दुसरी कित्तूरकडची, ती म्हणाली, "मी करतो, पण दसऱ्यात मला सोड." तिसरी निपाणीची. तिची मुलगी तेव्हा अकरा महिन्यांची. तिच्याकडे मी मागायलाच गेले नव्हते. तिचा स्वतःचा अर्ज अक्कांच्या काचेखाली होता. तीच आली आणि म्हणाली, "ऑक्टोबरात आई माझ्याकडे येऊन राहणार आहे, तेव्हा एक आठवडा मला टाक. पण तुला काय झालंय ते मला सांग."

मी तिला सांगितलं. मग विचार केला, एकीला सांगितलं तर सगळ्यांनाच सांगते. दुपारच्या ओव्हरला सगळ्या हजर असताना मी उभी राहून सांगितलं की मला फिट येण्याचा आजार आहे, एक आली आहे, औषध चालू आहे. तुमच्यासमोर आली तर काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे: कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार बाजूला करा, तोंडात काही घालू नका, वेळ बघा, पाच मिनिटांच्या पुढे गेली तर कॅज्युअल्टीत न्या. हातात किल्ल्या देऊ नका. नर्सना हे सांगायची गरज नसते असं वाटेल, पण आमच्याच वॉर्डात फिट आलेल्या रुग्णाच्या दातांत चमचा घालताना मी पाहिलं आहे.

एक जण त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मागून कळलं, ती म्हणत होती, आमचंही दुखतं, आम्हाला का नाही? मला तिचा राग आला नाही. तिला कंबरेचं दुखणं आहे, रुग्ण उचलून उचलून झालेलं, आणि तिचा अर्ज दोनदा परत आला होता. तिच्याकडे तारखा आणि हिशेब नव्हते एवढाच फरक. मी तिला तो कागद दाखवला आणि तिच्या अर्जाचा हिशेब आम्ही दोघींनी मिळून केला. तो कुठे पोहोचला हे तिचं सांगणं आहे, मी लिहीत नाही.

अक्कांनी अर्जाखाली आपला शेरा लिहिला: वॉर्डाच्या कामात खंड पडणार नाही, शिफारस आहे. मेट्रन मॅडमनी पाकीट उघडून वाचलं, मला दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "मी तीन महिने एकदम देत नाही. एक महिना देते, मग पुढचा." अक्का तिथे पहिल्यांदा माझ्या बाजूने जोरात बोलल्या. म्हणाल्या, मॅडम, दर महिन्याला मिळेल की नाही या काळजीत ही झोपणार नाही, आणि हिचं औषध झोपच आहे. चार्टही मला तीन महिन्यांचा एकदम बसवायचा आहे. मॅडमनी बारा आठवडे मंजूर केले. कचेरीत अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर इनवर्ड नंबर आणि शिक्का घेऊन ती मी घरी फाइलला लावली. पहिल्या अर्जाची माझ्याकडे प्रतही नव्हती.

ऑगस्टचे पहिले दोन आठवडे मी घरी सकाळी चहाचा पेला दोन्ही हातांनी धरत असे. दुसऱ्या आठवड्यात दोनदा हात उडाला. डोस वाढवल्यावर थांबला. औषधाने चिडचिड होते असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ती झाली. आत्यांवर मी एकदा विनाकारण ओरडले आणि मग त्यांच्याजवळ बसून रडले. त्या म्हणाल्या, "औषध बोलतंय ते, तू नाही." डॉक्टरांनी मात्र ते लिहून घेतलं आणि लक्ष ठेवायला सांगितलं. महिनाभरात ती कमी झाली.

खरी परीक्षा सप्टेंबरात झाली. पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यूचे रुग्ण भरले, जादा खाटा व्हरांड्यात लागल्या, आणि आमच्यातल्या दोघी स्वतःच तापाने पडल्या. एका संध्याकाळी मी पाळी संपवून कपडे बदलत होते. अक्का आत आल्या. काही बोलल्या नाहीत, पण नाइटला एकच जण येणार हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "अक्का, मी थांबते. एकच रात्र." मला मनापासून थांबायचं होतं. हात उडून पाच आठवडे झाले होते, मी ठीक होते.

"तू दुपारी दोनपासून उभी आहेस," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी आठपर्यंत अठरा तास होतात. तुला काही झालं तर माझ्याकडे 33 रुग्ण होतील, 32 नाही. आणि तुझा कागद मीच मॅडमसमोर धरला होता." मग त्यांनी घरी फोन लावला, कन्नडमध्ये दोन वाक्यं बोलल्या, आणि पदर खोचून स्वतः नाइटला उभ्या राहिल्या. त्या तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या. त्या सकाळपासून वॉर्डातच होत्या. मी बसने घरी आले. त्या रात्री मला उशिरा झोप लागली, पण औषध वेळेवर घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनऐवजी बाराला जाऊन त्यांना घरी पाठवलं.

चतुर्थीला मी वॉर्डात होते. घरून आत्यांनी मोदक पाठवले, ते रुग्णांच्या नातेवाइकांसकट सगळ्यांना पुरले नाहीत, एवढी गर्दी होती.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, अर्जात लिहिल्याप्रमाणे, मी डॉक्टरांकडे गेले. ऑगस्टनंतर एकदाही हात उडाला नव्हता, फिट आली नव्हती. मी विचारलं, आता नाइट करू का? ते म्हणाले, औषधाने हे थांबलं आहे आणि झोपेने थांबलं आहे. यातलं कशामुळे किती, ते मी वेगळं करून सांगू शकत नाही. हा आजार औषधावर चांगला राहतो, पण औषध बंद केलं की पुष्कळांना परत येतो. गोळी कदाचित वर्षानुवर्षं घ्यावी लागेल, आणि सलग सात रात्री तर कधीच नाही. शक्य असेल तर रात्रीचं काम कायमचं सोड. मी पत्र घेऊन बाहेर बाकावर बराच वेळ बसून राहिले. तीन महिने मागताना मला ते तीन महिन्यांत संपेल असं वाटलं होतं.

पत्र अक्कांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "वॉर्डात नाइट न करता कायम ठेवणं मला जमणार नाही," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांवर अन्याय होईल, आणि तुलाही रोज ऐकावं लागेल. जिथे नाइट नाहीच अशी जागा बघूया." एंडोस्कोपीच्या खोलीत दिवसाची एक जागा रिकामी होत होती. या वेळी मी मागायच्या आधीच त्यांनी विचारलं, "तारीख? बदली कोण? कागद कुठे?" तिन्हींची उत्तरं माझ्या हातात होती. अर्ज चार दिवसांत मंजूर झाला. माझ्या जागी वॉर्डात नवीन मुलगी आली, जिला नाइट चालते.

मी आता एंडोस्कोपीत आहे, सकाळी नऊ ते पाच. वॉर्ड सुटल्याचं वाईट वाटतं, ते खोटं कशाला बोलू. केरळच्या आणि कित्तूरच्या सिस्टरच्या तीन-तीन पाळ्या मी ऑक्टोबरातच पूर्ण केल्या. निपाणीच्या सिस्टरची एक अजून माझ्याकडे राहिली आहे. पुढच्या रविवारी तिच्या मुलीचं जावळ आहे. त्या दिवशी मी वर वॉर्डात सकाळी आठला ओव्हर घेणार आहे. अक्कांनी चार्टवर माझं नाव पेन्सिलीने लिहून ठेवलंय.